थकलेल्या मानधनासाठी लेखा विभागाला पत्र: आधी तास जुळवा, मग लिहा

"मॅडम, पत्र वाचलं. पण यावरून मी बिल कसं काढू?"

लेखा विभागातल्या भाऊसाहेबांनी हे विचारलं तेव्हा माझं तीन महिन्यांचं मानधन थकलेलं होतं. मी दोन पानी पत्र दिलं होतं. किती चकरा मारल्या, किती अडचण होतेय, शिकवण्यात कुठे कसूर केली नाही, सगळं त्यात होतं. तास किती घेतले, कोणत्या तारखांना घेतले, दर काय आणि एकूण येणं किती, हे मात्र कुठेच नव्हतं. भाऊसाहेबांनी फाइल उघडून माझं सप्टेंबरचं बिल दाखवलं. वर एक चिठ्ठी टाचलेली होती: 'मस्टरप्रमाणे १६, बिलात १७'. एका तासाच्या फरकासाठी अख्ख्या महिन्याचं बिल बाजूला पडलं होतं आणि त्याच्यामागे पुढच्या महिन्याचंही. मला हे कोणी कळवलं नव्हतं, आणि मीही नेमकं विचारलं नव्हतं.

तासिका तत्त्वावर किंवा अभ्यागत व्याख्याता म्हणून नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मानधन उशिरा होण्याची कारणं बरीच असतात. पण पत्र लिहून आपण स्वतः सोडवू शकतो अशी अडचण बहुतेक वेळा एकच असते: आपले तास आणि महाविद्यालयाच्या कागदावरचे तास जुळत नाहीत. म्हणून पत्राचं निम्म्याहून जास्त काम ते लिहायला बसण्याआधीच करावं लागतं.

बिल कुठे अडतं

महिना संपला की आपण तासांचं बिल विभागात देतो. विभागप्रमुख ते पडताळून सही करतात, प्राचार्य मंजुरी देतात, मग ते लेखा विभागात जातं. तिथे लिपिक नियुक्तिपत्रातला दर आणि मस्टरवरच्या सह्या बघून रक्कम काढतो, व्हाउचर तयार होतं आणि पैसे खात्यावर जातात. प्रत्येक ठिकाणी माणसं थोडी वेगळी असतील, क्रम साधारण हाच.

लेखा विभागाकडे स्वतःचा निर्णय फार थोडा असतो. आपण खरोखर शिकवलं का, हे त्यांना माहीत नसतं आणि ते ठरवणं त्यांचं कामही नाही. त्यांना हिशेब तपासणीत उत्तर द्यावं लागतं, म्हणून कागदाला कागद जुळला तरच ते पैसे सोडतात. म्हणूनच पत्र लिहिण्याआधी विभागात जाऊन एवढंच विचारा: "माझं अमुक महिन्याचं बिल आत्ता कोणाच्या टेबलावर आहे?" बिल अजून विभागप्रमुखांच्याच कपाटात असेल, तर लेखा विभागाला कितीही कडक पत्र दिलं तरी हलणार काहीच नाही.

नियुक्तिपत्र पुन्हा वाचा

बरेच जण नियुक्तिपत्र मिळालं त्या दिवशी वाचतात आणि ठेवून देतात. आता त्यातल्या चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: नियुक्तीचा कालावधी, प्रति तास दर, आठवड्याची किंवा महिन्याची कमाल तासमर्यादा, आणि तास किती मिनिटांचा धरला आहे. शेवटची गोष्ट सहज सुटते. वेळापत्रकातली तासिका ४८ मिनिटांची आणि दर मात्र ६० मिनिटांच्या घड्याळी तासाला असेल, तर आपण मोजलेले तास आणि त्यांनी मोजलेले तास कधीच जुळणार नाहीत, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटत राहील. प्रात्यक्षिकाचा दर वेगळा दिला असेल तर तोही लिहून ठेवा.

मर्यादेपेक्षा जास्त तास घेतले असतील तर ते या मागणीत मिसळू नका. त्यांना वेगळी मंजुरी लागते आणि ती मिळेपर्यंत बाकीचं बिलही थांबून राहतं.

तीन नोंदी शेजारी ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक आपली रोजची डायरी. दुसरं महाविद्यालयाचं मस्टर, म्हणजे अध्यापकांचं स्वाक्षरी पुस्तक. तिसरा विद्यार्थ्यांचा हजेरीपट. तिन्ही घेऊन तारखेवार बसायचं आणि प्रत्येक तासासमोर खूण करत जायचं. विभागातल्या सहायकाला आधी सांगून वेळ घेतली, तर मस्टर बघायला सहसा अडचण येत नाही.

वेळापत्रकावरून मागाहून तास भरू नका, हे कळकळीनं सांगते. वेळापत्रक म्हणजे ठरलेलं. मानधन मिळतं ते घेतलेल्या तासाचं. वेळापत्रकावरून भरलेल्या यादीत सुट्टीच्या दिवशीचा तास हमखास घुसतो, आणि पडताळणाऱ्याच्या नजरेला असा एक तास आला की उरलेले सगळे तास तो संशयाने बघतो.

माझ्याच बाबतीत काय झालं ते सांगते. दर तासाला ५०० रुपये होता. डायरीप्रमाणे ऑगस्टमध्ये १५, सप्टेंबरमध्ये १७ आणि ऑक्टोबरमध्ये १२, असे ४४ तास होत होते. मस्टरवर ऑगस्टचे १४, सप्टेंबरचे १६ आणि ऑक्टोबरचे ११, म्हणजे ४१ सह्या. फरक तीन तासांचा, पण तिन्हींची कारणं अगदी वेगळी निघाली.

२१ ऑगस्टला मी तास घेतला होता आणि मस्टरवर सही करायची राहिली होती. त्या दिवशीच्या हजेरीपटावर पटावरच्या ५२ पैकी ३८ विद्यार्थी हजर होते आणि खाली माझी सही होती. म्हणजे तास झाल्याचा पुरावा होता, फक्त तो दुसऱ्या वहीत होता.

१८ सप्टेंबरला एक सहकारी रजेवर होते म्हणून विभागप्रमुखांनी मला त्यांचा तास घ्यायला सांगितलं. मी घेतला. मस्टरवर तो तास वेळापत्रकाप्रमाणे त्यांच्याच नावापुढे राहिला. बदली तासांचं असं नेहमी होतं. तोंडी सांगितलेलं असतं आणि कागदावर काहीच उमटत नाही. यावर उपाय एकच, विभागप्रमुखांची दोन ओळींची सहीची चिठ्ठी. ती त्याच आठवड्यात मागितली तर दोन मिनिटांत मिळते. चार महिन्यांनी मागितली तर त्यांनाही आठवावं लागतं.

९ ऑक्टोबरला मी वेळेवर पोहोचले होते, पण क्रीडा स्पर्धेमुळे वर्ग सोडून दिलेले होते. डायरीत मी तास लिहून ठेवला होता. येण्याजाण्यात माझा दिवस गेला हे खरं, पण तास झाला नव्हता आणि न झालेल्या तासाचं मानधन नियुक्तिपत्रात नव्हतं. तो मी काढून टाकला.

म्हणजे खरी मागणी ४३ तासांची, २१,५०० रुपयांची. त्यातल्या ४१ तासांबद्दल कोणाचाच वाद नव्हता, ते झाले २०,५०० रुपये. उरलेल्या दोन तासांना, म्हणजे १,००० रुपयांना, वेगळा पुरावा जोडायचा होता.

हे असं वेगळं काढणं फार कामाचं ठरतं. सगळी रक्कम एकगठ्ठा मागितली की दोन तासांच्या शंकेपायी सगळेच पैसे अडतात. निर्विवाद रक्कम वेगळी दाखवली की लिपिकाला ती लगेच काढता येते, आणि बाकीच्या दोन तासांची पडताळणी सावकाश झाली तरी आपला संसार अडत नाही.

व्याख्यान व उपस्थितीचा तक्ता

हा तक्ता पत्राला परिशिष्ट म्हणून जोडायचा. एका तासाला एक ओळ. 'ऑगस्टमध्ये एकूण १५ तास' अशी मोघम बेरीज चालत नाही, कारण ती मस्टरशी ताडून बघता येत नाही. माझ्या तक्त्यातल्या चार ओळी देते:

| दिनांक | वेळ | वर्ग | शिकवलेला घटक | हजर / पट | मस्टरवर सही | शेरा |
|---|---|---|---|---|---|---|
| १९/०८/२०२५ | ९.०० ते १०.०० | द्वितीय वर्ष वाणिज्य | मागणीचा नियम | ४१ / ५२ | आहे | |
| २१/०८/२०२५ | ९.०० ते १०.०० | द्वितीय वर्ष वाणिज्य | मागणीची लवचिकता | ३८ / ५२ | नाही | हजेरीपटाची प्रत, जोडपत्र ३ |
| १६/०९/२०२५ | ९.०० ते १०.०० | द्वितीय वर्ष वाणिज्य | उत्पादन खर्चाचे प्रकार | ४४ / ५२ | आहे | |
| १८/०९/२०२५ | ११.०० ते १२.०० | प्रथम वर्ष वाणिज्य | बाजाराचे प्रकार | ४७ / ६० | नाही | बदली तास, जोडपत्र ४ |

शिकवलेल्या घटकाचा रकाना काहींना जास्तीचा वाटतो. पण सही करण्यापूर्वी विभागप्रमुख बघतात तो हाच रकाना, कारण अभ्यासक्रम किती पुढे गेला याच्याशी तो ताडता येतो. हजर संख्या हजेरीपटावर असेल तीच लिहा. वर्गात बाराच मुलं होती म्हणून कोणी तासाचं मानधन कापत नाही, पण बाराचे बावीस केलेले दिसले तर अख्खा तक्ता बाद ठरतो. एकही विद्यार्थी आला नाही असा तास असेल तर तो तसाच लिहून शेऱ्यात कारण द्या आणि निर्णय विभागप्रमुखांवर सोडा.

विद्यार्थ्यांच्या नावांची पूर्ण यादी जोडायची गरज नसते. लेखा विभागाला संख्या हवी असते, नावं नकोत. पूर्ण हजेरीपट विभागात उपलब्ध आहे एवढं पत्रात लिहिलं की पुरतं. ज्या तारखेबद्दल शंका आहे, तेवढ्याच पानाची प्रत जोडा, तीही विभागप्रमुखांना विचारून.

तक्त्याच्या शेवटी महिनावार बेरीज द्या आणि खाली विभागप्रमुखांची सही, शिक्का आणि तारीख घ्या. ही सही नसेल तर तक्ता म्हणजे फक्त आपलं म्हणणं. सही झाली की तो विभागाचा दाखला होतो.

पत्र

पत्र लेखापालांच्या नावे लिहा, पण विभागप्रमुखांमार्फत द्या आणि प्राचार्यांना प्रत द्या. थेट लेखा विभागाला दिलेल्या पत्रावर बऱ्याचदा 'विभागाचा अभिप्राय घ्यावा' असा शेरा पडतो आणि ते आल्या वाटेने परत जातं. एका पानात बसवा. माझं दुसरं पत्र, म्हणजे ज्याच्यावर काम झालं ते, साधारण असं होतं:

> दिनांक: १२ जानेवारी २०२६
>
> प्रति,
> मा. लेखापाल,
> लेखा विभाग, (महाविद्यालयाचे नाव)
>
> मार्फत: मा. विभागप्रमुख, अर्थशास्त्र विभाग
>
> विषय: ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५ या कालावधीतील ४३ तासांचे प्रलंबित मानधन मिळण्याबाबत.
>
> संदर्भ: १) नियुक्तिपत्र क्र. ____, दि. ____
> २) मासिक बिले, सादर दि. ९/९/२०२५, ६/१०/२०२५ व ६/११/२०२५
>
> महोदय,
>
> संदर्भ १ नुसार मी अर्थशास्त्र विभागात अभ्यागत व्याख्याता म्हणून प्रति तास रु. ५०० या दराने अध्यापन करत आहे. वरील तीन महिन्यांची बिले संदर्भ २ प्रमाणे सादर केली असून त्यांचे मानधन अद्याप खात्यावर जमा झालेले नाही.
>
> मस्टर व हजेरीपटाशी पडताळणी करून तासांचा तपशील पुढीलप्रमाणे निश्चित केला आहे: ऑगस्ट १५ तास, रु. ७,५००; सप्टेंबर १७ तास, रु. ८,५००; ऑक्टोबर ११ तास, रु. ५,५००. एकूण ४३ तास, रु. २१,५००.
>
> ऑक्टोबरच्या मूळ बिलात १२ तास नमूद होते. दि. ९/१०/२०२५ रोजी तास झाला नसल्याने तो वगळला आहे. दि. २१/८/२०२५ व दि. १८/९/२०२५ या दोन तासांची मस्टरवर नोंद नाही. त्यांचे पुरावे जोडपत्र ३ व ४ मध्ये आहेत.
>
> विनंती की, मस्टरशी जुळणाऱ्या ४१ तासांचे रु. २०,५०० प्रथम अदा करावेत व उर्वरित दोन तासांचे रु. १,००० पडताळणीनंतर अदा करावेत. एखाद्या कागदपत्राची त्रुटी असल्यास कृपया लेखी कळवावे, म्हणजे तातडीने पूर्तता करता येईल.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, भ्रमणध्वनी)
>
> जोडपत्रे: १) नियुक्तिपत्राची प्रत २) व्याख्यान व उपस्थितीचा तक्ता ३) दि. २१/८/२०२५ च्या हजेरीपटाची प्रत ४) बदली तासाबाबत विभागप्रमुखांचे पत्र ५) रद्द केलेला धनादेश
>
> प्रत: मा. प्राचार्य यांना माहितीसाठी सादर.

यातली दोन वाक्यं मुद्दाम घातलेली आहेत. स्वतःच्या बिलातली चूक मी स्वतःच दाखवली, त्यामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसायला मदत झाली. आणि 'त्रुटी असल्यास लेखी कळवावे' या ओळीमुळे चिठ्ठी टाचून फाइल बाजूला ठेवणं अवघड झालं. रागाचं, उपकाराचं किंवा घरच्या अडचणींचं वाक्य यात एकही नाही. अडचण खरी असते, मलाही होती. पण ती प्राचार्यांना भेटून सांगावी. बिल काढणाऱ्याला त्या वाक्यातून काहीच हाती लागत नाही.

बँक तपशिलासाठी रद्द केलेला धनादेश जोडा. खाते क्रमांक हाताने लिहून दिला तर एखादा अंक चुकतो.

पोच घेतल्याशिवाय पत्र ठेवून येऊ नका

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "ठेवून जा, देतो साहेबांना" असं कोणी म्हणालं तरी नम्रपणे थांबा. पुढची सगळी विचारणा या क्रमांकावरच होते. क्रमांक नसेल तर पत्र पोहोचलं की नाही, इथून पुन्हा सुरुवात.

आठवडा-दहा दिवसांनी स्मरणपत्र द्या. त्यात नवं काही लिहू नका. आधीच्या पत्राचा आवक क्रमांक, तारीख, रक्कम आणि 'सद्यःस्थिती कळवावी' एवढ्या चार ओळी पुरतात.

उत्तर काय येतं त्यावर पुढची वाट ठरते. "पैसे तर केव्हाच टाकले" असं सांगितलं, तर वाद न घालता व्यवहाराची तारीख आणि यूटीआर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक मागा. खाते क्रमांक किंवा आयएफएससी चुकला असेल तर बऱ्याचदा रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात परत येते आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत तिथेच पडून राहते. त्यांच्या वहीत ती दिलेली दिसते, तुमच्या पासबुकात ती नसते, आणि दोघंही खरं बोलत असतात. बँकांचं विलीनीकरण झाल्यावर आयएफएससी बदलतो, तेव्हा जुन्या धनादेशाची प्रत जोडली तर असं होऊ शकतं.

रक्कम कमी आली तर आधी टीडीएस कापला आहे का ते विचारा. कापला असेल तर कापलेली रक्कम आणि तुमचा पॅन बरोबर नोंदवला आहे का, हे दोन्ही तपासा. पॅन चुकला तर कापलेला कर तुमच्या नावावर दिसत नाही.

"निधी आलेला नाही" असं उत्तर आलं तर पत्राने पैसे येणार नाहीत, हे मान्य करायला हवं. तरी तसं लेखी घ्या आणि तुमचं येणं महाविद्यालयाच्या प्रलंबित देण्यांच्या यादीत नोंदवल्याची खात्री करा. हे काम मार्चच्या आत झालं पाहिजे. आर्थिक वर्ष संपलं की ते मागील वर्षाचं देणं होतं, त्याला वेगळी मंजुरी लागू शकते आणि तेच कागद पुन्हा फिरवावे लागतात.

माझे २०,५०० रुपये टीडीएस न कापता तिसऱ्या आठवड्यात आले. दोन तासांचे १,००० पुढच्या महिन्याच्या व्हाउचरमध्ये निघाले. तेव्हापासून डायरीत मी दोन रकाने जास्त ठेवते: 'मस्टरवर सही केली' आणि 'मानधन जमा दिनांक'. पहिला वर्गातून बाहेर पडताना भरते, दुसरा पासबुक बघून. दुसऱ्या रकान्यात ओळ रिकामी दिसली, की बिल कोणाच्या टेबलावर आहे हे विचारायला त्याच आठवड्यात जाते.